पगार मिळायचा आहे, पगार घ्यायचा आहे

महिनाअखेरीला डोंबिवलीच्या फलाटावर दोन वाक्यं सारखी कानावर पडतात: ‘मला पगार मिळायचा आहे’ आणि ‘मला पगार घ्यायचा आहे’. दोन्हींत ‘मला’ आहे, दोन्हींत ‘पगार’ आहे, क्रियापदाला ‘-आयचा’ लागून ते पगाराप्रमाणे पुल्लिंगी झालंय आणि शेवटी ‘आहे’ आलंय. शाळेत शिकलेल्या पद्धतीने पदं पाडली तर दोन्ही वाक्यांचा एकच साचा निघतो. आतली बांधणी मात्र निराळी आहे. वाक्यरचनाशास्त्रात गेली साठ वर्षं चाललेला एक वाद समजून घ्यायला मराठीतली ही जोडी फार उपयोगी पडते. इंग्रजीत दिसत नाही असं काही तीत दिसतं, म्हणून या लेखात तीच मध्यभागी ठेवली आहे.

आधी मूळ प्रश्न पाहू. ‘रमा निघेलशी वाटते’ आणि ‘रमा निघायचा प्रयत्न करते’ ही दोन वाक्यं घ्या. दोन्हींत रमा कर्ता दिसते आणि निघणारीही तीच आहे. पण ‘प्रयत्न करणे’ रमेला काम देतं, ती प्रयत्न करणारी आहे. ‘वाटणे’ तिला काहीच काम देत नाही. वाटतंय ते बघणाऱ्याला, आणि वाटतंय ते ‘रमा निघेल’ हे सगळं. म्हणजे पहिल्या वाक्यात रमेची भूमिका एकच आहे, निघणारीची. ती मुळात ‘निघणे’ची माणूस आहे आणि वरच्या क्रियापदाकडे नुसती येऊन बसली आहे. दुसऱ्यात तिच्या भूमिका दोन आहेत: प्रयत्न करणारी ती आणि निघणारीही ती. रमेचं नाव एकदाच आलं असल्यामुळे ‘निघणे’चा कर्ता न उच्चारलेला, लपलेला असतो. पहिल्या प्रकाराला उन्नयन म्हणू, कारण कर्ता खालच्या क्रियापदाकडून वर चढतो. दुसऱ्याला नियंत्रण म्हणू, कारण लपलेला कर्ता कोण हे वरचं क्रियापद ठरवतं. इंग्रजीपुरती या दोहोंची पद्धतशीर फोड पीटर रोझेनबाम यांनी १९६५ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात केली. तो १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आला.

मराठीत कर्ता वर चढलाय याची खूण क्रियापदावरच उमटते. ‘लोकल वेळेवर येईलसं वाटत नाही’ आणि ‘लोकल वेळेवर येईलशी वाटत नाही’ असं दोन्ही बोललं जातं. पहिल्यात ‘-सं’ नपुंसकलिंगी आहे, म्हणजे वाटण्याचा विषय अख्खं उपवाक्य आहे आणि लोकल आपल्या जागीच आहे. दुसऱ्यात ‘-शी’ लोकलच्या लिंगाप्रमाणे बदललंय, म्हणजे लोकल वर आली आहे. अर्थ एकच राहिला, फक्त कर्त्याची जागा बदलली. चढणं असं उघड्यावर दाखवणारी जोडी इंग्रजीतही आहे, पण तिथे दुसरं वाक्य नव्याने रचावं लागतं. इथे एका अक्षरात काम भागतं.

हा भेद ओळखायची सगळ्यात जुनी चाचणी कर्मणीची. ‘टीसी त्या फुकट्या प्रवाशाला पकडेलसा वाटतो’ हे वाक्य उलटं करा: ‘तो फुकट्या प्रवासी टीसीकडून पकडला जाईलसा वाटतो’. दुसरं वाक्य जरा पुस्तकी झालं, पण प्रसंग तोच राहिला. एक खरं असेल तर दुसरंही खरं. आता ‘टीसी त्या प्रवाशाला पकडायचा प्रयत्न करतो’ याचं करा: ‘तो प्रवासी टीसीकडून पकडला जायचा प्रयत्न करतो’. प्रसंगच पालटला. आता प्रवासी स्वतःहून टीसीच्या तावडीत सापडायला धडपडतोय. ‘प्रयत्न करणे’ला स्वतःचा कर्ता लागतो आणि आपण तो बदलला, म्हणून असं झालं. ‘वाटणे’ला तसा कर्ता नव्हताच, त्यामुळे कोणालाही वर आणलं तरी फरक पडला नाही.

दुसरी चाचणी वाक्प्रचारांची, आणि माझ्या मते मराठीत हीच जास्त भरवशाची. ‘इथे त्याची डाळ शिजेलशी वाटत नाही’ हे वाक्य सहज चालतं आणि ‘डाळ शिजणे’चा लाक्षणिक अर्थ टिकतो. ‘त्याची डाळ शिजायचा प्रयत्न करते आहे’ म्हटलं की खरीखुरी तुरीची डाळ डोळ्यांपुढे येते आणि तीही काहीतरी विचित्र करताना. वाक्प्रचारातल्या डाळीला स्वतंत्र अर्थ नसतो. भूमिका न देणाऱ्या क्रियापदाकडेच ती चढू शकते. ‘त्याचं पितळ उघडं पडू लागलं’, ‘त्याचं पितळ उघडं पडू शकतं’ ही वाक्यं चालतात, त्यावरून ‘-ऊ लागणे’ आणि ‘-ऊ शकणे’ उन्नयनाच्या बाजूची ठरतात.

आता ‘-आयचं आहे’कडे वळू. या एकाच रूपाने मराठीत तीन वेगवेगळी वाक्यं होतात आणि फरक दाखवतं ते कर्त्याचं रूप. ‘रमा अजून निघायची आहे’, म्हणजे तिचं निघणं व्हायचं बाकी आहे. ‘रमाला निघायचं आहे’, म्हणजे तिची इच्छा आहे किंवा तिला निघणं भाग आहे. ‘रमाने सात वाजता निघायचं आहे’, म्हणजे तिला तसं सांगून ठेवलंय. तिसऱ्या प्रकाराची वाक्यं सोसायटीच्या फळ्यावर रोज दिसतात: सभासदांनी गाड्या फाटकासमोर लावायच्या नाहीत. त्या तिसऱ्या प्रकारात कर्तव्य कर्त्यावर टाकलेलं असतं हे उघड आहे. तो इथे बाजूला ठेवू आणि पहिले दोन तपासू.

‘कल्याण लोकल सुटायची आहे’ हे वाक्य बरोबर आहे. ‘कल्याण लोकलला सुटायचं आहे’ म्हटलं की लोकलला मन असल्यासारखं वाटतं. ‘त्याचं पितळ अजून उघडं पडायचं आहे’ चालतं, ‘पितळाला उघडं पडायचं आहे’ म्हटलं की वाक्प्रचार मोडतो. म्हणजे साधा कर्ता असलेलं ‘-आयचं आहे’ उन्नयनाचं आहे. ते फक्त ‘अजून व्हायचंय’ एवढं सांगतं, आणि चढून आलेला कर्ता कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘-ला’वालं नियंत्रणाचं आहे. ते एका व्यक्तीवर इच्छा किंवा गरज लादतं आणि त्या व्यक्तीला ‘-ला’ लावतं.

इथवर कर्त्याचं रूप आपल्याला मदत करत होतं. ‘मला पगार मिळायचा आहे’मध्ये ती मदत संपते. इथे ‘मला’ दिसतं, म्हणून वाक्य नियंत्रणाचं असावं असं वाटेल. पण ‘-ला’ कुठून आला ते बघा. ‘-आयचं आहे’ काढून साधं वाक्य करा: ‘मला पगार मिळतो’. ‘-ला’ तसाच राहिला, कारण तो ‘मिळणे’ने दिलेला आहे. ‘मला पगार घ्यायचा आहे’चं साधं वाक्य करा: ‘मी पगार घेतो’. ‘-ला’ गेला. तो ‘घेणे’चा नव्हताच, ‘-आयचं आहे’ने दिला होता. म्हणजे पहिलं वाक्य ‘लोकल सुटायची आहे’च्या जातीचं आहे. ‘मिळणे’ची ‘-ला’वाली व्यक्ती जशीच्या तशी वर आली, एवढंच झालं. ‘पत्री पुलाला मंजुरी मिळायची आहे’ असं कल्याणात बिनदिक्कत म्हणता येतं. ‘पत्री पुलाला मंजुरी घ्यायची आहे’ मात्र कोणी म्हणणार नाही. मंजुरी घेणारा महापालिकेतला माणूस लागतो.

नकार दिला की फरक आणखी मोठा होतो. ‘मला पगार घ्यायचा नाही’ म्हणजे मी घेणार नाही, माझी तयारी नाही. ‘या महिन्यात मला पगार मिळायचा नाही’ म्हणजे मिळणार नाही असं भाकीत. ‘ही लोकल आता सुटायची नाही’ हेही भाकीतच. मिळण्याचं वाक्य नकारातही लोकलच्याच ओळीला बसतं.

आता लपलेल्या कर्त्याचा प्रश्न. ‘घ्यायचा’ वाक्यात ‘घेणे’चा एक न उच्चारलेला ‘मी’ आहे असं आपण म्हणतो, पण तो आहे हे दाखवायचं कसं? ‘स्वतः’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. ‘मी स्वतः पाहिलं’, ‘रमाने स्वतः पाहिलं’ असं आपण म्हणतो. कर्त्याला ‘-ला’ लागलेला असला की नुसतं ‘स्वतः’ खटकतं: ‘मला स्वतः राग आला’ कानाला बरं लागत नाही, तिथे ‘मला स्वतःला राग आला’ हवं. आता ‘मला स्वतः जाऊन बघायचं आहे’ हे वाक्य ऐका. ‘मला’ समोर असून नुसतं ‘स्वतः’ अगदी सुरेख बसलंय. ते ‘मला’ला जोडलेलं असतं तर ‘स्वतःला’ झालं असतं. म्हणजे ते दुसऱ्या कोणाला तरी जोडलंय, ‘बघणे’च्या न उच्चारलेल्या ‘मी’ला. तोच आपला लपलेला कर्ता. पगाराच्या जोडीलाही हे लावून पाहा: ‘मला स्वतः पगार घ्यायचा आहे’ चालतं, ‘मला स्वतः पगार मिळायचा आहे’ अडतं, तिथे ‘स्वतःला’ लागतं. मिळण्याच्या वाक्यात लपलेलं कोणी नाही, कारण जो होता तोच वर आलाय.

दुसरा पुरावा विशेषणांचा. ‘बाईंनी मुलींना रांगेत उभ्या राहायला सांगितलं.’ मराठीत ‘-ला’, ‘-ना’ लागलेल्या नामाशी क्रियापद किंवा विशेषण लिंगवचनाने जुळत नाही. तरी ‘उभ्या’ मुलींप्रमाणे चाललंय. ते ‘मुलींना’शी जुळत नसेल तर ‘राहणे’च्या लपलेल्या ‘मुली’शी जुळतंय. अर्थात अनेक घरांत ‘उभं राहायला सांगितलं’ असंच बोलतात आणि तेही चूक नाही. पण ‘उभ्या’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात लपलेल्या कर्त्याला लिंगही आहे आणि वचनही.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. ‘मला पगार मिळायचा आहे’चा ‘पगार मिळावा अशी माझी इच्छा आहे’ असा अर्थ का होत नाही? सहज सुचणारं उत्तर असं की मिळणं आपल्या हातात नसतं, म्हणून त्याची इच्छा ‘-आयचं आहे’ने सांगता येत नाही. हे उत्तर टिकत नाही. आजारी पडणं तरी कुठे आपल्या हातात असतं? तरी परीक्षेच्या आठवड्यात मुलगी म्हणते, ‘मला आजारी पडायचं नाही’, आणि त्यात इच्छा स्पष्ट असते. त्याच मुलीला ‘मला ताप यायचा नाही’ म्हणून तीच इच्छा सांगता येत नाही. ते भाकीत होतं. इच्छाच सांगायची तर ती ‘मला ताप यायला नको’ म्हणेल. आजारी पडणं काय आणि ताप येणं काय, मनाचा ताबा दोन्हींवर नसतो. फरक एवढाच की ‘मी आजारी पडतो’मध्ये ‘मी’ साधा आहे आणि ‘मला ताप येतो’मध्ये ‘-ला’वाला आहे. म्हणजे अडसर अर्थाचा नाही, विभक्तीचा आहे. ‘-आयचं आहे’च्या पोटातल्या लपलेल्या जागेत ‘-ला’वाला कर्ता मावत नाही. बोलणारे ही अडचण न शिकवता ओलांडतात. ‘मिळणे’चं ‘मिळवणे’ करतात आणि ‘मला यश मिळवायचं आहे’ म्हणतात. ‘राग न यायचा प्रयत्न करतो’ असं कोणी म्हणत नाही, ‘राग येऊ न द्यायचा प्रयत्न करतो’ म्हणतात. दोन्ही वेळा ‘-ला’वाला कर्ता हटवून साधा कर्ता आणलाय.

जगभरच्या चर्चेत याला महत्त्व आहे. लपलेल्या कर्त्याला स्वतःची विभक्ती असते की नाही हा या क्षेत्रातला जुना वाद आहे. १९८१ मध्ये नोम चॉम्स्की यांनी मांडलेल्या व्यवस्थेत लपलेला कर्ता हे एक स्वतंत्र, उच्चार नसलेलं सर्वनाम होतं आणि त्याला विभक्ती मिळत नाही असं धरलेलं होतं. १९९१ मध्ये हाल्डोर आर्मान सिगुर्ड्सन यांनी आइसलँडिक भाषेचा पुरावा पुढे ठेवला. तिथेही काही क्रियापदांचे कर्ते चतुर्थीसारख्या विभक्तींत येतात, आणि ते लपले तरी त्यांच्यासोबतचे ‘सगळे’, ‘एकटा’ अशा अर्थाचे शब्द ती विभक्ती धारण करतात. म्हणजे आइसलँडिकमध्ये ‘-ला’वाला कर्ता लपू शकतो. मराठीच्या ‘-आयचं आहे’मध्ये तो लपू शकत नाही. विभक्ती लावलेले कर्ते दोन्ही भाषांत असूनही इथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. १९९९ मध्ये नॉर्बर्ट हॉर्नस्टीन यांनी म्हटलं की नियंत्रण असं वेगळं काही नसतंच, तेही चढणंच आहे, फक्त चढताना कर्ता दुसरी भूमिकाही घेतो. त्यांच्या बाजूने नंतर कॉकेशसमधल्या त्सेझ भाषेची भर पडली. २००२ मध्ये मारिया पोलिन्स्की आणि एरिक पॉट्सडॅम यांनी दाखवलं की तिथे काही वाक्यांत नाव खालच्या क्रियापदाजवळ उच्चारलं जातं आणि लपतो तो वरचा कर्ता. मला हॉर्नस्टीन यांचं म्हणणं आकर्षक वाटतं, पण ‘मला स्वतः बघायचं आहे’ त्याला सोपं जात नाही. तिथे वर ‘-ला’वालं रूप आणि खाली ‘-ला’ नसलेलं रूप एकाच वेळी जिवंत दिसतात. एकच नाव चढलं असेल तर खालचं ‘स्वतः’ चढण्याआधीच जुळलं असं मानावं लागेल. ते मानता येतं, पण त्यासाठी आणखी सिद्धता हवी.

चाचण्या कुठे फसतात तेही सांगायला हवं. निर्जीव कर्त्याची चाचणी सगळ्यांत लवकर फसते. ‘या पुलाला अजून शंभर वर्षं उभं राहायचं आहे’ हे अभियंत्याच्या तोंडी अगदी स्वाभाविक आहे आणि पुलाला इच्छा नसते. इथे ‘-ला’वाल्या ‘-आयचं आहे’चा गरजेचा अर्थ आहे. गरज निर्जीव वस्तूवरही पडू शकते. म्हणून एकट्या निर्जीव कर्त्यावरून निकाल देऊ नये, वाक्प्रचाराची चाचणी जोडीला लावावी. गरजेचा अर्थ घेतला तरी ‘डाळीला शिजायचं आहे’मध्ये लाक्षणिक डाळ येत नाही, यावरून कळतं की तिथेही वरचं क्रियापद कर्त्याला काहीतरी भूमिका देतंच. ‘-ऊ पाहणे’ तर दोन्हीकडे पाय ठेवून आहे. ‘तो निसटू पाहतो’ हा प्रयत्न आहे, ‘भिंत पडू पाहते’ म्हणजे पडायच्या बेतात आहे. एकाच क्रियापदाची दोन खाती मानावी लागतात.

एक प्रश्न मात्र अजून मोकळा आहे आणि तो ‘-ऊन’चा. पाणिनीने संस्कृतात ‘-त्वा’ आणि ‘-तुम्’ प्रत्ययांसाठी दोन्ही क्रियांचा कर्ता समान असावा, म्हणजे क्रिया समानकर्तृक असाव्यात, अशी अट घातली. लपलेल्या कर्त्याविषयीचा हा नियम रोझेनबाम यांच्या कितीतरी शतकं आधीचा आहे. ‘-ऊन’ला आपण तोच नियम लावतो: ‘ठाण्याला उतरून रमाने रिक्षा केली’, उतरणारी रमाच. पण वर्तमानपत्रं रोज हा नियम मोडतात. ‘लोकलमधून पडून तरुणाचा मृत्यू’ या मथळ्यात पडणारा तरुण आहे, पण तो कर्ता नाही, ‘तरुणाचा’ असा षष्ठीत बसलाय. पावसाळ्यात ‘भिंत कोसळून दोघे जखमी’ छापतात तेव्हा कोसळणारी भिंत उच्चारलेली असते आणि ती दोघांपैकी कोणी नसते. कार्यकारण सांगताना ‘-ऊन’ समानकर्तृकाची अट सैल करतं. आणि ‘राग येऊन रमा निघून गेली’ हे वाक्य तर आपल्या वरच्या निष्कर्षालाच छेद देतं. ‘राग येणे’चा कर्ता ‘रमाला’, म्हणजे ‘-ला’वाला, आणि तो इथे बिनबोभाट लपला. ‘-आयचं’मध्ये जी जागा ‘-ला’वाल्याला बंद आहे ती ‘-ऊन’मध्ये उघडी का? ‘-ऊन’ हे नियंत्रण नसून सैल जोडणी आहे, हे एक उत्तर. ‘-आयचं आहे’ स्वतःच ‘-ला’ देतं म्हणून दोन ‘-ला’ एकमेकांना अडतात, हे दुसरं. पण दुसरं उत्तर ‘राग न यायचा प्रयत्न’ला लागू पडत नाही, कारण ‘प्रयत्न करणे’ ‘-ला’ देत नाही. म्हणून सध्या मी पहिल्याच्या बाजूने आहे.

राजेश्वरी पंढरीपांडे यांचं १९९७ चं आणि रमेश धोंगडे व काशी वाली यांचं २००९ चं, अशी मराठीची दोन वर्णनात्मक व्याकरणं इंग्रजीत आहेत. ‘-ला’वाल्या कर्त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. पण वर मांडलेले निकाल प्रमाण मराठी बोलणाऱ्यांच्या कानावर आधारलेले आहेत, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात आगरी, मालवणी, खानदेशी घरांतली मराठी एकाच डब्यात बसून प्रवास करते. ‘मला स्वतः बघायचं आहे’, ‘मला ताप यायचा नाही’ आणि ‘मुलींना उभ्या राहायला सांगितलं’ ही तीन वाक्यं आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना त्यांच्या बोलीत म्हणायला सांगा. ती जशी म्हणतील तशी, न सुधारता लिहून ठेवा, आणि दुसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांना इच्छेचा वाटतो की भाकिताचा, तेही शेजारी टिपून ठेवा.